खुर्च्या रिकाम्या, रांग दारात

शनिवारी रात्री साडेआठच्या सुमारास पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही चालत्या हॉटेलात डोकावून पाहा. दाराशी वही घेऊन उभा असलेला कॅप्टन प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत असतो, ‘किती जण?’ फुटपाथवर वीस-पंचवीस माणसं ताटकळलेली असतात. आत एकही टेबल मोकळं नसतं, पण खुर्च्या मात्र मोकळ्या असतात. चौघांच्या टेबलावर एक जोडपं समोरासमोर बसलेलं आणि उरलेल्या दोन खुर्च्यांवर त्यांची पर्स आणि हेल्मेट. पलीकडे सहा जणांसाठी दोन टेबलं जोडलेली, म्हणजे तिथेही दोन खुर्च्या फुकट. मालकाने चाळीस खुर्च्यांचं भाडं, वीज आणि पगार भरलेले असतात आणि जेवत असतात सत्तावीस जण.

माणसं सुटी सुटी येत नाहीत, गटाने येतात. गटाला एकत्र बसायचं असतं आणि अनोळखी माणसाबरोबर टेबल वाटून घ्यायचं नसतं. त्यामुळे हॉटेलची खरी क्षमता खुर्च्या मोजून कळत नाही. कोणत्या मापाची किती टेबलं आहेत, कोणत्या मापाचे किती गट येतात आणि कॅप्टन कोणाला कुठे बसवतो, या तीन गोष्टींवर ती ठरते.

एक उदाहरण नीट सोडवून पाहू. समजा, हॉटेलात चौघांची दहा टेबलं आहेत, म्हणजे चाळीस खुर्च्या. संध्याकाळी आठला दार उघडतं आणि वहीत ओळीने पंधरा नावं आहेत. त्यांची माणसं अशी: २, ४, २, ३, २, ६, २, ४, २, ४, २, ५, २, ४, ४. एकूण अठ्ठेचाळीस जण. कॅप्टन सरळमार्गी आहे, आलेल्या क्रमाने बसवत जातो. पहिल्या पाच गटांना पाच टेबलं जातात. सहा जणांच्या कुटुंबासाठी दोन टेबलं जोडावी लागतात. पुढच्या तीन गटांना तीन टेबलं दिली की दहाही टेबलं संपली. आत बसले नऊ गट, सत्तावीस माणसं. तेरा खुर्च्या रिकाम्या आणि एकवीस माणसं बाहेर.

आता त्याच चाळीस खुर्च्या वेगळ्या मांडू. दोघांची सहा टेबलं, चौघांची चार आणि सहा जणांची दोन. बारा आणि सोळा आणि बारा, बेरीज चाळीसच. वही तीच, क्रम तोच, कॅप्टनही तोच. फक्त प्रत्येक गटाला मावेल असं सर्वांत लहान टेबल तो देतो. दोघांचे सहा गट छोट्या टेबलांवर जातात. तिघांचा एक आणि चौघांचे तीन गट मधल्या टेबलांवर बसतात. सहा आणि पाच जणांची कुटुंबं मोठ्या टेबलांवर. बारा टेबलांवर बारा गट, अडतीस माणसं, दोनच खुर्च्या रिकाम्या. एकही खुर्ची विकत न घेता अकरा माणसं जास्त बसली. हे उदाहरण अर्थात जुळवून आणलेलं आहे, रोजची वही इतकी सोयीची नसते. पण फरक कुठून येतो ते त्यातून दिसतं. बहुतेक हॉटेलांत येणारे सगळ्यांत जास्त गट दोघांचे असतात आणि मांडलेली टेबलं मात्र चौघांची असतात.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या हॉटेल व्यवस्थापनाच्या विभागात या विषयावर पुष्कळ काम झालं आहे. शेरिल काइम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हॉटेलच्या हिशेबासाठी एक माप पुढे आणलं: दर खुर्चीमागे दर तासाला मिळणारं उत्पन्न. त्याआधी मालक ‘दिवसाचा गल्ला’ किंवा ‘माणशी बिल’ बघत. या मापाने रिकामी खुर्ची आणि रेंगाळलेलं टेबल, दोन्ही एकाच हिशेबात आलं. पुढे काइम्स आणि गॅरी थॉम्प्सन यांनी ‘शेव्हीज’ या मेक्सिकन जेवणाच्या साखळीतल्या एका हॉटेलच्या टेबलांचा अभ्यास करून तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. प्रश्न हाच होता, कोणत्या मापाची किती टेबलं ठेवावीत. येणारे गट आणि मांडलेली टेबलं यांचा मेळ बसला, तर तेवढ्याच जागेत बरीच जास्त माणसं सांभाळता येतात, असं त्यांच्या हिशेबातून दिसलं.

पण टेबलं रोज बदलता येत नाहीत. कॅप्टनला आहे त्या टेबलांवरच निर्णय घ्यायचा असतो. आधी सगळ्यात सोपी परिस्थिती घेऊ. वेळ गोठलेली आहे, काही टेबलं मोकळी आहेत, दाराशी काही गट आहेत, नवीन कोणी येणार नाही. जास्तीत जास्त माणसं कशी बसवायची? याचं उत्तर चकित करण्याइतकं सोपं आहे: सर्वांत मोठ्या गटापासून सुरुवात करा. त्याला मावेल असं टेबल द्या, मग त्याहून लहान गट घ्या आणि असंच खाली या. ज्या गटाला टेबलच उरलं नसेल तो सोडून पुढे चला.

समजा, सहाचं एक आणि चाराचं एक अशी दोन टेबलं मोकळी झाली. रांगेत क्रमाने दोघं, चौघं आणि सहा जण आहेत. क्रमाने गेलो तर दोघं चाराच्या टेबलावर, चौघं सहाच्या टेबलावर आणि सहा जण बाहेर. बसली सहा माणसं. मोठ्यापासून सुरू केलं तर सहा जण सहाच्या टेबलावर, चौघं चाराच्या टेबलावर, बसली दहा. कारण उघड आहे. मोठं टेबल लहान गटालाही चालतं, पण लहान टेबल मोठ्या गटाला चालत नाही. ज्याच्यापुढे पर्याय कमी त्याचा विचार आधी. या रीतीचा आणखी एक गुण पटकन लक्षात येत नाही. मोठ्यांना आधी बसवल्याने बसलेल्या गटांची संख्या कमी होत नाही. वरच्या उदाहरणात दोन्ही वेळा दोनच गट बसले. एका टेबलावर एकच गट असेल, तर जास्तीत जास्त माणसं आणि जास्तीत जास्त गट ही दोन्ही उद्दिष्टं एकाच वेळी साधतात. अशा ‘आधी मोठा घ्या’ रीती कुठे बिनचूक चालतात आणि कुठे फसतात, याचा गणिती पाया जॅक एडमंड्स या गणितज्ञाने १९६५ ते १९७१ या काळात घातला. टेबल वाटपाचा हा साधा प्रकार बिनचूक चालणाऱ्यांत मोडतो.

खरी पंचाईत घड्याळ चालू झाल्यावर होते. दोघं लवकर उठतात, मोठं कुटुंब रेंगाळतं. मोठ्या गटाची ऑर्डर ठरायलाच वेळ लागतो, सगळ्यांची ताटं एकदम येत नाहीत, मुलांना आइस्क्रीम हवं असतं आणि शेवटी बिल कोणी द्यायचं यावरून पाच मिनिटं ओढाताण होते. हिशेबासाठी धरू की दोघं पंचेचाळीस मिनिटं बसतात, चौघं एक तास आणि सहा जण दीड तास. गर्दीचे तास संध्याकाळी साडेसात ते साडेदहा, म्हणजे तीन.

या तीन तासांत दोघांच्या टेबलावर चार फेऱ्या होतात, म्हणजे आठ माणसं. चौघांच्या टेबलावर तीन फेऱ्या, बारा माणसं. सहा जणांच्या टेबलावर दोनच फेऱ्या, तीही बाराच माणसं. सहा खुर्च्यांचं भरलेलं टेबल तेवढ्याच वेळात चार खुर्च्यांच्या भरलेल्या टेबलाइतकीच माणसं जेवू घालतं. खुर्चीमागे पाहिलं तर छोट्या टेबलाची खुर्ची संध्याकाळभरात चार माणसांना, मधल्या टेबलाची तिघांना आणि मोठ्या टेबलाची दोघांनाच उपयोगी पडते. एका क्षणाचा विचार केला तर मोठा गट आधी घ्यावा, आणि पूर्ण संध्याकाळचा विचार केला तर मोठा गटच महाग पडतो. कॅप्टनचं सगळं कसब या दोन सत्यांमधल्या जागेत आहे.

पहिला रोजचा प्रसंग पाहू. साडेआठला चौघांचं टेबल मोकळं झालं. रांगेत पुढे दोघं आहेत, त्यांच्या मागे चौघं. दोघांच्या एका टेबलावर बिल गेलेलं आहे, दहाएक मिनिटांत ते उठतील. पुढच्या दोघांना चाराचं टेबल दिलं, तर सव्वानऊपर्यंत दोन खुर्च्या अडकल्या. आठ चाळीसला छोटं टेबल मोकळं होईल, पण बाहेरच्या चौघांना त्याचा उपयोग नाही. उलट चौघांना आधी आत घेतलं, तर दोघांना दहा मिनिटं थांबावं लागेल आणि सहाही जण आठ चाळीसला बसलेले असतील. इथे कॅप्टनची नजर रांगेवर कमी आणि आतल्या टेबलांवर जास्त हवी. कोणाचं गोड चालू आहे, कोणी हात धुवायला उठलं, कोणाचं बिल छापलं गेलं, यावर पुढच्या पंधरा मिनिटांत काय मोकळं होणार ते कळतं.

दुसरा प्रसंग अवघड. चाराचं टेबल मोकळं आहे, दाराशी फक्त दोघं आहेत आणि छोटं टेबल लवकर मोकळं होण्याची चिन्हं नाहीत. चौघांचा गट इतक्यात येईल या आशेवर टेबल रोखून धरायचं का? विमान कंपन्यांना असाच प्रश्न पडला होता: स्वस्त तिकीट आज मागणाऱ्याला जागा द्यायची, की पूर्ण भाडं देणारा उद्या येईल म्हणून ती राखायची? ब्रिटिश विमान कंपनी बीओएसीच्या केन लिटलवूड यांनी १९७२ मध्ये त्यावर नियम मांडला. राखलेल्या जागेतून मिळणारा लाभ गुणिले तो मिळण्याची शक्यता, हा आकडा हातातल्या लाभापेक्षा मोठा असेल तरच जागा राखा. टेबलाला हाच नियम लावताना चार म्हणजे दोनाच्या दुप्पट, म्हणून निम्मी शक्यता पुरे, असं वाटतं. पण चौघं जास्त वेळ बसतात. तीन तासांचा हिशेब आठ विरुद्ध बारा असा आहे. म्हणून ढोबळमानाने, लगेच चौघं येण्याची शक्यता तीनात दोनहून जास्त असेल आणि दोघं थांबायला तयार नसतील, तरच त्यांना नाही म्हणणं परवडतं. टेबल रिकामं राहील तो प्रत्येक मिनिट त्यातून आणखी वजा होतो. शनिवारी साडेआठला ही अट पुरी होऊ शकते. मंगळवारी दुपारी ती कधीच होत नाही. तेव्हा दोघांना खुशाल खिडकीजवळचं मोठं टेबल द्यावं.

क्रम मोडला की भांडणं होतात, हे कॅप्टनपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार! ‘आम्ही आधी आलो, ते कसे गेले?’ या प्रश्नाला गणिताने उत्तर देता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे वहीत एक रांग न ठेवता मापाप्रमाणे तीन रांगा ठेवणं आणि नाव लिहितानाच तसं सांगणं: ‘दोघांमध्ये तुमचा तिसरा नंबर आहे.’ म्हणजे चौघं आत गेले तरी दोघांना आपली रांग मोडल्यासारखं वाटत नाही. सोबत एक मर्यादाही हवी. अर्धा तास थांबलेल्या गटाला त्यानंतर मोकळं होणारं, त्याला मावेल असं कोणतंही टेबल द्यायचं, मग दोन खुर्च्या वाया गेल्या तरी चालतील. ही मर्यादा नसेल, तर गर्दीच्या रात्री एखादा गट कायम मागेच पडत राहतो.

पुष्कळ मालक म्हणतात, एवढं डोकं कशाला चालवायचं, सगळी टेबलं दोघांची ठेवा आणि लागतील तशी जोडा. दोन जोडली की चौघांचं, तीन जोडली की सहाचं. कागदावर हे निर्दोष दिसतं. अडचण अशी की जोडायची टेबलं शेजारशेजारी आणि एकाच वेळी मोकळी व्हावी लागतात. एक टेबल आठ वीसला सुटलं आणि शेजारचं पावणेनऊला, तर चौघांसाठी पहिलं पंचवीस मिनिटं नुसतं धरून ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात दोघांचं निम्म्याहून जास्त जेवण झालं असतं. शिवाय जोडता येणारी टेबलं ओळीत ठेवावी लागतात, भिंतीला टेकलेले बाक काढावे लागतात आणि वेटरला मधून जायला वाट सोडावी लागते. गॅरी थॉम्प्सन यांनी २००२ मध्ये संगणकावर लहान आणि मोठ्या हॉटेलांची नक्कल करून हे तपासलं. मोठ्या हॉटेलात ठरलेल्या मापाची वेगवेगळी टेबलं सरस ठरली, तर जोडण्याची सोय लहान हॉटेलात उपयोगी पडली. याचं कारण समजण्यासारखं आहे. मोठ्या हॉटेलात दर काही मिनिटांनी कुठलं ना कुठलं योग्य मापाचं टेबल सुटतच असतं. दहा-बारा टेबलांच्या जागेत तसं होत नाही, तिथे लवचिकता लागते.

‘अनोळखी माणसाबरोबर बसणार नाही’ ही अटच काढून टाकणं, हा तिसरा मार्ग मुंबईला जुना आहे. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांत सकाळी इडली खायला गेलेल्या एकट्याला चौघांच्या टेबलावरची रिकामी खुर्ची दाखवली जाते आणि समोरच्याला त्यात काही वावगं वाटत नाही. इराणी हॉटेलांतही ही रीत होती. खुर्ची सुटली की भरली, त्यामुळे टेबलाच्या मापाला फारसा अर्थ उरत नाही. पण त्याची किंमत मोठा गट मोजतो. चौघांच्या टेबलावर दोन जोड्या वेगवेगळ्या वेळी येऊन बसल्या, की त्या वेगवेगळ्या वेळीच उठतात. एक जोडी उठेपर्यंत दुसरीचं जेवण अर्ध्यावर असतं, मोकळ्या दोन खुर्च्यांवर नवी जोडी येते आणि टेबल पूर्ण रिकामं असं होतच नाही. बाहेरचे चौघं आत जाणाऱ्या जोड्यांकडे बघत राहतात. म्हणून टेबल वाटून देणाऱ्या ठिकाणी काही टेबलं कुटुंबांसाठी वेगळी राखलेली बरी.

आणि इथे आपली सोपी रीतही कोलमडते. समजा, दहा जणांचं एक लांब टेबल आहे, त्यावर कितीही गट बसू शकतात. दाराशी सहा, पाच, पाच आणि तीन जणांचे गट आहेत. मोठ्यापासून सुरू केलं तर सहा बसले, मग पाच मावत नाहीत, शेवटी तीन, एकूण नऊ. सहा जणांना थांबवून पाच-पाच घेतले असते तर दहा. इथे वेगवेगळ्या जुळण्या करून बघाव्याच लागतात आणि टेबलं व गट वाढले की त्यांची संख्या झपाट्याने वाढते. गणिताच्या भाषेत हा ‘पिशवी भरण्याचा’ अवघड प्रश्न झाला. आपल्या पंगतीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण सगळे एकदम बसतात, एकदम उठतात आणि ओळ कुठेही वळवून लांबवता येते.

मग आपल्या हॉटेलात कोणत्या मापाची किती टेबलं हवीत, हे मालकाने ठरवायचं कसं? दोन-तीन शनिवार चार गोष्टी टिपून ठेवाव्यात: गटात किती जण होते, कधी बसले, कधी उठले आणि कोणत्या टेबलावर बसले. त्यात परत गेलेल्या गटांचीही नोंद हवी, नाहीतर जे टेबल आपल्याकडे नाही त्याची मागणी वहीत कधीच दिसणार नाही. समजा, शंभर गटांत पन्नास दोघांचे, पस्तीस तीन-चार जणांचे आणि पंधरा पाच-सहा जणांचे निघाले. म्हणून टेबलंही पन्नास, पस्तीस, पंधरा टक्के ठेवली तर चूक होईल. गटांची संख्या त्यांच्या बसण्याच्या वेळेने गुणायला हवी. पन्नास गुणिले पंचेचाळीस म्हणजे २,२५० मिनिटं, पस्तीस गुणिले साठ म्हणजे २,१०० आणि पंधरा गुणिले नव्वद म्हणजे १,३५०. या प्रमाणात टेबलं साधारण एकोणचाळीस, सदतीस आणि चोवीस टक्के येतात. नुसती संख्या पाहणाऱ्याने मोठी टेबलं कमी ठेवली असती आणि रात्रभर मोठी कुटुंबंच दाराशी साचली असती.

दुखणं कुठे आहे हे ओळखायला संगणक लागत नाही. रांग असताना हॉटेलात एक चक्कर मारून भरलेल्या टेबलांवरच्या रिकाम्या खुर्च्या मोजाव्यात. त्या पुष्कळ निघाल्या तर टेबलं गटांपेक्षा मोठी आहेत. छोटी टेबलं रिकामी आणि दाराशी फक्त मोठे गट असतील तर उलटा दोष. खुर्च्याही भरलेल्या आणि तरी माणसं उठत नसतील, तर दोष टेबलांचा नसून स्वयंपाकघराचा किंवा बिलाचा आहे. बारा टेबलं आठच्या ठोक्याला एकदम भरली तर बारा ऑर्डरी एकदम आत जातात, तवा तुंबतो आणि पंचेचाळीस मिनिटांचं जेवण तासावर जातं. अशा वेळी जाणता कॅप्टन दोन-दोन टेबलं पाच-पाच मिनिटांच्या अंतराने भरतो.

हिशेब शेवटपर्यंत नेला तर तो एका अप्रिय ठिकाणी पोचतो. सहा खुर्च्यांत दोघांची तीन टेबलं मांडली आणि जोड्यांची रांग कधी तुटली नाही, तर तीन तासांत चोवीस माणसं जेवतील. सहा जणांचं एक टेबल ठेवलं तर बारा. ‘जास्तीत जास्त माणसं’ एवढंच उद्दिष्ट असेल तर मोठी टेबलं उचलून टाकावीत, असंच उत्तर येईल. पण जोड्यांची रांग तुटतेच, आणि आजी-आजोबांना घेऊन आलेलं कुटुंब जागा नाही म्हणून परत गेलं तर पुढच्या वाढदिवसाला ते दुसरीकडे जातं. म्हणून मोठं टेबल ठेवायचं की नाही, हे गणित ठरवत नाही, मालक ठरवतो. एका गर्दीच्या शनिवारी त्या टेबलाची किंमत जास्तीत जास्त बारा गिऱ्हाइकं आहे, एवढं मात्र त्याला ठरवताना ठाऊक असावं.